भांडे फुटले, पण कोणते? हवामानाच्या उपकरणांची मराठी नावे ठरवताना

गेल्या वर्षी मंडळातल्या एका सभासदांनी त्यांच्या आजोबांची पावसाची वही वाचायला दिली. इंदूरपासून फार लांब नाही, अशा एका गावात हे आजोबा रोज सकाळी पाऊस मोजत आणि आकडा तहसिलीला कळवत. पहिली कितीतरी पाने इंच आणि सेंटमध्ये आहेत. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. पुढे आकडे मिलिमीटरमध्ये येतात. अक्षर सुरेख, एकही दिवस सुटलेला नाही, आणि शेवटच्या रकान्यात शेरे आहेत: 'गारा', 'सोसाट्याचा वारा', 'नाल्याला पूर'.

त्याच सुमारास एका शाळेने आमच्याकडे दुसरे एक काम सोपवले होते. त्यांच्या गच्चीवर छोटे हवामान केंद्र बसले होते आणि उपकरणांखाली मराठी पाट्या हव्या होत्या. आम्हाला वाटले, ही दोन कामे वेगळी आहेत. वहीतल्या एका शेऱ्याने तो समज मोडला.

शेरा असा: 'काचेचे भांडे फुटले. तहसिलीतून नवे आणले. आजपासून मि.मी.'

आम्ही तो वाचला आणि पान उलटले. वहीचा गोषवारा करताना मात्र दिसले की त्यानंतरचे चार पावसाळे फारच कोरडे गेलेत. आधी सालाचा पाऊस सरासरी छत्तीस इंच, म्हणजे ९०० मिलिमीटरच्या थोडा वर. त्या चार वर्षांत तो ६०० च्याही खाली. पावसाचे दिवसही घटलेले. आम्ही टिपणात लिहूनही टाकले: 'गावावर सलग चार वर्षे अवर्षणाचे सावट.' वहीच्या मालकांच्या आई हे ऐकून म्हणाल्या, "अवर्षण? अहो, त्यातल्याच एका वर्षी मी लग्न होऊन या घरी आले. नाल्याला पूर होता, वऱ्हाड दोन दिवस पलीकडे अडकलं होतं!"

म्हटलं, आता हे भांडे कोणते ते शोधायलाच हवे.

तीन भांडी, एक शब्द

जुना पर्जन्यमापक म्हणजे एकच भांडे नव्हे. वर असते गोल तोंडाचे नरसाळे. त्याखाली पाणी साठवणारी बाटली. आणि तिसरे, बाजूला घरात ठेवलेले, रेघा मारलेले काचेचे मोजपात्र. सकाळी बाटलीतले पाणी मोजपात्रात ओतायचे आणि रेघ वाचायची. बोलताना या तिघांनाही आपण 'भांडे' म्हणतो. पाट्यांसाठी आम्ही केलेल्या पहिल्या मसुद्यात काय होते? 'संग्राहक पात्र', 'संचय पात्र' आणि 'मापन पात्र'. शब्द भारदस्त झाले, पण ऐकणाऱ्याच्या कानाला शेवटी 'पात्र' तेवढे उरते. गोंधळ जिथल्या तिथेच.

वहीतला शेरा 'काचेचे भांडे' म्हणतो. नरसाळे धातूचे होते, म्हणजे ते बाद. राहिली दोन, बाटली आणि मोजपात्र, आणि दोन्ही काचेचीच. यातले कोणते फुटले याने फरक पडतो, आणि जमीन-अस्मानाचा पडतो. बाटली नवी आली तर मोजमापात काडीचाही बदल होत नाही, तिने फक्त पाणी सांभाळायचे. मोजपात्र बदलले तर सगळेच बदलू शकते. कारण मोजपात्रावर लिहिलेले '१० मिलिमीटर' हे त्या काचेतल्या पाण्याची उंची नसतेच. ते विशिष्ट रुंदीच्या नरसाळ्यात पडलेल्या पावसाची उंची सांगते. नरसाळे आणि मोजपात्र हे जोडपे आहे, एकाला सोडून दुसऱ्याला अर्थ नाही.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी माहीत होती, तीही याच माळव्याच्या संदर्भात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी पाऊस मोजण्यासाठी कुंड ठेवायला सांगितले आहे आणि त्याला शब्द वापरला आहे 'वर्षमान'. पाऊस तिथे द्रोणांत सांगितला आहे: अश्मक प्रदेशात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस, आणि अपरांतात, म्हणजे कोकणाकडे, अमाप. अवंती म्हणजे उज्जैनचा हा आपलाच मुलूख. आता द्रोण हे धान्य मापायचे, आकारमानाचे माप. नुसते 'तेवीस द्रोण पाऊस' म्हटले तर त्याला काहीच अर्थ नाही, घंगाळात जास्त साठेल आणि तांब्यात कमी. म्हणून कुंडाचे तोंड एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर रुंद असावे, असेही त्याच वाक्यात बांधून दिले आहे. तोंड ठरले की द्रोण बोलू लागतात.

माळ्यावरचे नरसाळे

वहीच्या घरी माळ्यावर जुने नरसाळे सापडले. पोचे पडलेले, पण काठ शाबूत होता. आतल्या काठापासून आतल्या काठापर्यंत मोजले तर १२७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर पाच इंच. इंग्रजी अमदानीपासून देशभर वापरात असलेल्या सायमन्स पर्जन्यमापकाचे हेच माप. या तोंडाचे क्षेत्रफळ होते १२६.७ चौरस सेंटिमीटर. त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की बाटलीत साधारण १२७ मिलिलिटर पाणी जमते.

पुढच्या काळात फायबरचे नवे पर्जन्यमापक आले. त्यांची तोंडे दोन मापांत येतात, १०० चौरस सेंटिमीटर आणि २०० चौरस सेंटिमीटर, आणि प्रत्येकाचे मोजपात्र वेगळे. २०० च्या मोजपात्रावर '१०' ची रेघ २०० मिलिलिटर पाण्यापाशी असते. आता हे नवे मोजपात्र जुन्या पाच इंची नरसाळ्याबरोबर वापरून पाहू. आकाशातून पडला १० मिलिमीटर. बाटलीत जमले १२७ मिलिलिटर. ते नव्या मोजपात्रात ओतले तर पाणी ६.३ च्या रेघेपाशी थांबते. वाचणाऱ्याने प्रामाणिकपणे ६.३ लिहिले. शंभरातले सदतीस गेले, आणि पाणी एक थेंबही सांडले नाही!

हा झाला अंदाज. तो खरा की खोटा हे पाहायला आम्ही तहसिलीच्या गावचे त्याच काळातले आकडे मिळवले. एकेका दिवसाची तुलना कामाची नसते, कारण आपल्याकडे पाऊस शेताच्या एका बांधावर पडतो आणि दुसऱ्यावर पडत नाही. म्हणून अख्ख्या पावसाळ्यांच्या बेरजा समोरासमोर ठेवल्या. शेऱ्याच्या आधीची बारा वर्षे तहसिलीच्या गावी १०० तर आपल्या गावी कधी ९०, कधी ११०. शेऱ्यानंतरची चार वर्षे ५८ ते ६८, मध्य ६३ च्या आसपास. पाचव्या वर्षी गुणोत्तर पुन्हा शंभराजवळ येते, आणि त्या वर्षीच्या जूनमधला शेरा आहे: 'साहेब आले. पावसाचे यंत्र संपूर्ण नवे बसवले.' म्हणजे नरसाळेही नवे आले, जोडपे पुन्हा जुळले. जुने नरसाळे गेले माळ्यावर.

मोजपात्र १०० चे असते तर उलटा प्रकार झाला असता, आकडे सव्वापटीच्या वर गेले असते. ६३ हा आकडा फक्त २०० च्या मोजपात्राने येतो. फुटले होते ते मोजपात्र.

आणि पावसाचे दिवस का घटले? आपल्याकडे २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो दिवस 'पावसाचा' धरतात. चुकीच्या मोजपात्राने २.५ दिसायला खरा पाऊस जवळजवळ ४ मिलिमीटर पडावा लागे. मधल्या हलक्या सरींचे दिवस यादीतून गळले. आम्ही मात्र कमी पाऊस आणि कमी दिवस हे दोन स्वतंत्र साक्षीदार समजलो. दोघेही एकाच फुटलेल्या भांड्याचे नातलग होते.

मापक, दर्शक आणि मीटर

यानंतर आम्ही पाट्यांचा मसुदा नव्याने घेतला आणि प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारला: हे उपकरण खरोखर काय करते?

वायुवेगमापक हे नाव शाळेच्या पुस्तकांमुळे सर्वांना माहीत आहे, ते बदलायचे कारण नाही. चार किंवा तीन वाट्या वाऱ्याने फिरतात, फेऱ्या मोजल्या जातात आणि त्यावरून वेग काढतात. पण पाटीवर एक ओळ जोडावी लागली. वाट्या अगदी मंद वाऱ्याला दाद देत नाहीत, आणि धारवे गंजले की आणखीच आळशी होतात. पडद्यावर शून्य दिसले म्हणजे वारा पडला असे नाही, वाट्या हलल्या नाहीत इतकेच. झाडाची पाने सळसळत असताना शून्य दिसू लागले की धारव्यांकडे पाहायचे.

वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्याला पुस्तकात 'वातकुक्कुट' म्हणतात. कोंबडा युरोपातल्या चर्चच्या शिखरावरून आपल्या शब्दात आला. गच्चीवरच्या उपकरणाला नुसता बाण आहे, पण नाव रुळलेले आहे म्हणून ठेवले. अडचण नावाची नव्हतीच, ती खालच्या 'वाऱ्याची दिशा' या शब्दांची होती. बाण नैर्ऋत्येकडे तोंड करून उभा असेल तर वारा तिकडे चाललाय की तिकडून येतोय? नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारे, हे आपण पाठ केलेले असते, तरी पाटीपुढे उभा राहिलेला मुलगा हमखास उलटे सांगतो. आम्ही पाटीवर लिहिले, 'वारा कुठून येतो'. तीन शब्द, आणि शंका संपली.

आर्द्रतामापकाची गंमत वेगळी. या एका नावाखाली दोन निरनिराळी उपकरणे नांदतात. जुन्या पद्धतीत आर्द्रता मोजतच नाहीत. दोन तापमापक शेजारी लावतात, त्यातल्या एकाचा फुगा ओल्या मलमलीत गुंडाळलेला असतो. हवा जितकी कोरडी, तितके पाणी जास्त उडते आणि ओला तापमापक तितका थंड होतो. दोन तापमानांतल्या फरकावरून कोष्टकात आर्द्रता पाहतात. मलमल वाळली किंवा मळली की ओला तापमापक पुरेसा थंड होत नाही, फरक कमी दिसतो आणि कोष्टक हवा आहे त्यापेक्षा दमट सांगते. शाळेच्या केंद्रात मात्र नखाएवढी इलेक्ट्रॉनिक पट्टी आहे. तिला मलमल नाही आणि कोष्टकही नाही. म्हणून जुन्या जोडीला आम्ही 'ओला-कोरडा तापमापक' म्हटले आणि 'आर्द्रतामापक' हे नाव नव्या पट्टीसाठी राखले. जुन्या नोंदीतली आर्द्रता संशयास्पद वाटली तर मलमल आठवायला हवी, आणि ती आठवून देणारे नाव हेच.

पासंग आणि गज

सर्वांत जास्त वाद झाला कॅलिब्रेशनवरून. कोशात पाहिले तर अंशांकन, अंशशोधन, प्रमाणीकरण असे तीन शब्द मिळतात. अंशांकन म्हणजे रेघा मारणे. प्रमाणीकरण म्हटले की डोळ्यांसमोर सही-शिक्का येतो. अंशशोधन त्यातल्या त्यात जवळचा, पण शाळेतल्या बाईंनी विचारले, "म्हणजे करायचं काय?"

करायचे असते ते दोन पायऱ्यांत. आधी उपकरण खात्रीच्या मापाशेजारी ठेवून दोघांतला फरक लिहायचा. कॅलिब्रेशन ते एवढेच, त्यात उपकरणाला हात लावायचा नसतो. स्क्रू फिरवणे किंवा आकडा सुधारणे ही दुसरी पायरी, तिचे नाव वेगळे हवे. आपल्याकडे पहिल्या पायरीसाठी जुना शब्द आहे: ताडून पाहणे. दुकानदार माप ताडून पाहत असे. पाटीवर आम्ही 'अंशशोधन' ठेवले, खाली 'ताडून पाहणे' लिहिले आणि दुसऱ्या पायरीला 'जुळवणी' म्हटले.

ताडल्यावर जी चूक सापडते, तिच्या दोन जाती असतात. त्यांनाही बाजारात जुनी ओळख आहे. तराजूची दोन पारडी रिकामी असतानाच एक खाली जात असेल तर ती चूक म्हणजे पासंग. छटाक तोला की शेर, पासंग तेवढाच राहतो. दुसरी चूक आखूड गजाची. गज बोटभर आखूड असेल तर एका गजाला बोटभर कापड जाते आणि दहा गजांना दहा बोटे. जितके जास्त मोजाल तितकी चूक मोठी.

शाळेचा आर्द्रतामापक आम्ही मिठाने ताडला. डबीत मीठ घेऊन चमचाभर पाण्याने ओले केले. मीठ पूर्ण विरघळू द्यायचे नाही, ओलसर लगदा राहिला पाहिजे. लगद्याला लागणार नाही अशा बेताने पट्टी आत टांगली, झाकण घट्ट लावले आणि रात्रभर ठेवले. अशा बंद डबीत आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर स्थिरावते, खोलीत उकडत असो वा थंडी. सकाळी पडदा ८१ दाखवत होता. एकाने लगेच सुचवले, "पासंग सहा, सरसकट सहा वजा करून टाका."

पण एका बिंदूवरून चुकीची जात कळत नाही. दुसऱ्या रात्री मॅग्नेशियम क्लोराइडचा लगदा केला, त्याची आर्द्रता ३३ च्या आसपास राहते. पडद्यावर आले ३४. फरक तिथे एकाचाच. सरसकट सहा वजा केले असते तर उन्हाळ्यातली कोरडी हवा आम्ही उगाच आणखी कोरडी करून ठेवली असती. ही चूक मुख्यतः गजाची निघाली, पासंगाची नव्हे. आणि चूक लिहितानाही नुसते 'सहा' लिहून भागत नाही. 'अधिक सहा' म्हणजे उपकरण जास्त दाखवते की आपण मिळवायचे आहेत, हे दहा वर्षांनी कोणाला कळणार? म्हणून कार्डावर पूर्ण वाक्य लिहिले: '७५ असताना ८१ दाखवले, ३३ असताना ३४ दाखवले', आणि खाली तारीख.

वहीतली चूकही गजाचीच, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. पाऊस नाही त्या दिवशी शून्याचे शून्यच राहिले. दोन मिलिमीटरच्या सरीत पाऊण मिलिमीटरदेखील गेला नाही, आणि शंभराच्या रात्री सदतीस गेले. रोज पाहणाऱ्या आजोबांना म्हणूनच ती दिसली नाही.

आम्ही काय लिहिले

पाटीवर आता 'नरसाळे', 'बाटली' आणि 'मोजपात्र' असे तीन शब्द आहेत. शाळेचे नरसाळे २०० चे आहे, म्हणून त्याच्यावर आणि मोजपात्रावर तोच आकडा रंगाने लिहिला आहे. दोन्हींवर एकच आकडा दिसला तरच पाऊस मोजायचा.

वहीतले आकडे मात्र आम्ही दुरुस्त केले नाहीत. प्रत पडद्यावर चढवताना त्या चार वर्षांचे आकडे जसेच्या तसे ठेवले आणि शेजारी टीप घातली: 'या काळात पाच इंची नरसाळे आणि २०० चौ. सेंमी.चे मोजपात्र वापरले असावे. पाऊस काढायचा झाल्यास आकड्याला १.५८ ने गुणावे.' तसे गुणल्यावर चारही वर्षे ९०० च्या आगेमागे येतात. त्यांतले एक बरेच वर जाते. सूनबाईंचे वऱ्हाड नाल्यापलीकडे अडकले होते, ते तेच वर्ष.